कॅप राउंडचं परिपत्रक: ‘ऑटो फ्रीज’ म्हणजे नक्की काय? (इंजिनिअरिंग, 2025-26)

मालवणी_बापूस

नमस्कार मंडळी. माझ्या लेकीचा पहिल्या राउंडचा निकाल काल लागला. आम्ही मालवणचे, ओबीसी, बारावी इथलीच. तिला चार नंबरचा पर्याय मिळालाय, पनवेलच्या बाजूला आयटी. वर तीन होते ते असे, एक पुण्याचं कॉम्प्युटर, दोन मुंबईचं कॉम्प्युटर, तीन मुंबईचंच आयटी. कॉलेजांची नावं लिहीत नाही, उगाच चर्चा तिकडे जाईल.

आता प्रश्न असा की सीईटी सेलचं परिपत्रक मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा वेगळा अर्थ निघाला. सीट अ‍ॅक्सेप्टन्स फी 1000 रुपये भरा म्हणतात, मग कॉलेजला रिपोर्ट करा म्हणतात, मग पुढच्या राउंडला जाता येईल असंही म्हणतात. आम्ही 1000 भरले तर ही सीट घेतली असं होऊन वरचे तीन पर्याय गेले का? की आधी पनवेलला जाऊन फी भरायची आणि मग वरची वाट बघायची? बायको म्हणते मिळालंय ते घ्या, लेक म्हणते कॉम्प्युटरच. मी मध्ये अडकलोय. मुदत परवापर्यंत आहे आणि इथे पाऊस असा की लाईट दिवसातून चारदा जाते.

लाल_माती

अभिनंदन आधी! पहिल्याच राउंडला आयटी म्हणजे पार्टी झालीच पाहिजे. बांगडे कधी?

मालवणी_बापूस

श्रावण चालू आहे रे. गणपतीनंतर बघू. आधी ह्यातून सुटका कर.

जुना_मास्तर

टेन्शन घेऊ नका. मी माझ्या दोन्ही मुलांची अ‍ॅडमिशन केलीय. नियम साधा आहे, पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर सीट आपोआप फ्रीज होते, म्हणजे घ्यावीच लागते. बाकी कुठलाही नंबर मिळाला तर तुम्ही बेटरमेंटसाठी थांबू शकता. सगळ्या राउंडला हेच. एआरसीवर जाऊन मूळ कागद दाखवायचे, तिथला शिक्का घ्यायचा, झालं.

खाडीपलीकडे

मास्तर, तुमचा नियम जुना आहे, चुकीचा नाही. एआरसी आता नाही, मुलगी स्वतःच्या लॉगिनमधून पडताळणी करते. आणि 2025-26 पासून राउंड चार झालेत आणि ऑटो फ्रीजही बदललंय. मी कॉलेजातच कामाला आहे, प्रवेशाच्या टेबलावर बसतो, म्हणून सांगतो.

पहिल्या राउंडला एक नंबर मिळाला तर ऑटो फ्रीज. दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी कुठलाही मिळाला तर ऑटो फ्रीज. तिसऱ्याला पहिल्या सहापैकी कुठलाही. चौथ्याला जे मिळेल ते शेवटचं, तिथे निवडायला काही उरतच नाही. पालक नेमके इथेच घसरतात, कारण मोठ्या भावंडाच्या वेळचं डोक्यात असतं की ‘एक नंबर सोडला तर मोकळीक’.

बापूस, तुमच्या लेकीला पहिल्या राउंडला चार नंबर मिळालाय, म्हणजे ऑटो फ्रीज नाही. तिच्यापुढे दोनच रस्ते. आवडलं असेल तर Freeze करा, 1000 भरा आणि पनवेलला जाऊन कॉलेजात रिपोर्ट करा, विषय संपला, पुढच्या राउंडला ती नाही. वरचं हवं असेल तर लॉगिनमध्ये Not Freeze निवडा, 1000 भरा, आणि पनवेलला जाऊ नका. ती सीट तिच्या नावावर राहते. दुसऱ्या राउंडला वरचं मिळालं तर ही आपोआप सुटते, नाही मिळालं तर हीच हातात राहते.

म्हणजे 1000 भरून सीट ‘घेतली’ असं होत नाही, सीट ‘धरून ठेवली’ असं होतं. घेतली कधी, तर कॉलेजात जाऊन कागद दाखवून फी भरली की.

मालवणी_बापूस

देवा! म्हणजे मी उद्या पहाटेच्या गाडीने पनवेलला निघणार होतो ते उगाच? तिकीट पण काढलंय.

लाल_माती

तिकीट रद्द करू नको, मुंबईहून आयटीतला कोणी स्थळ म्हणून घेऊन ये.

मालवणी_बापूस

मेल्या, पोरगी सतरा वर्षांची आहे.

कुडाळची_माई

माका एक सांगा, 1000 भरले नाय तर काय होता? माज्या भाचीन म्हटला की पयल्या राउंडाक कायच करू नको, दुसऱ्याक बघू. पैशे वाचले.

खाडीपलीकडे

माई, भाचीचा एक नंबरचा पर्याय नसेल तर ती दुसऱ्या राउंडला बसू शकते हे खरं. पण पहिल्याला मिळालेली सीट मात्र गेली, ती दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जाईल. दुसऱ्याला काहीच नाही मिळालं तर हात रिकामे. हजार वाचवून सीट घालवायची असा तो सौदा आहे. आणि ऑटो फ्रीज झालेली सीट घेतली नाही तर पुढच्या कॅप राउंडचं दार बंद, तिथे ‘बघू’ चालत नाही.

कुडाळची_माई

बरा झाला विचारलंय. तिका आत्ता फोन करतंय.

रातांबा

हे 1000 परत मिळतात का? आमच्या शेजारच्यांना म्हणे परत आले.

सेतूवाला_दादा

परत येत नाहीत. प्रोसेसिंगमध्ये जातात.

रातांबा

शेजारी खोटं बोलत नाही हो. अकाउंटला आले म्हणाला.

सेतूवाला_दादा

मग ते पेमेंट फेल झालेलं असणार. आमच्याकडे रोज होतं, पैसे कटतात, लाईट जाते, पावती येत नाही, मग घाबरून दुसऱ्यांदा भरतात, नंतर एक परत येतो. म्हणून पावती निघाल्याशिवाय पेज बंद करू नका आणि एकदा कटले की लगेच दुसऱ्यांदा भरू नका, लॉगिन करून आधी स्टेटस बघा.

बरं बापूस, पैशापेक्षा मोठी गोष्ट विचारतो. मुलगी ओबीसी म्हणता, नॉन क्रिमिलेअर कुठल्या तारखेपर्यंत आहे? ‘आहे आमच्याकडे’ असं नको, कागद बघून सांगा.

मालवणी_बापूस

आहे ना. तिच्या दहावीनंतर काढलेलं. थांबा बघतो... ‘31 मार्च 2026 पर्यंत वैध’ असं लिहिलंय. चालेल ना?

सेतूवाला_दादा

चालेल, अगदी काठावर आहात. 2025-26 च्या प्रवेशाला 31 मार्च 2026 पर्यंत वैध हवं. ह्याच आठवड्यात माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, त्यांच्या मुलाचं 31 मार्च 2025 ला संपलेलं. फॉर्मला ते अपलोड केलं, ई-स्क्रूटिनीवाल्याने फॉर्म परत पाठवला, मेसेज आलेला पण गावात रेंज नाही, चार दिवसांनी कळलं. नशीब प्रांत ऑफिसात अर्ज केल्याची पावती वेळेत मिळाली, पावतीवर फॉर्म पुढे गेला. पण पावती म्हणजे दाखला नव्हे. ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ दाखला दिला नाही तर पोरगा ओपनमध्ये गेला. मेरिट नंबर तोच राहतो पण रांग बदलते.

दुसरी एक गंमत. काही मुलं जेईईसाठी काढलेला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला इथे लावतात. दोन्हींवर शिक्का सारखाच दिसतो म्हणून आई-बाबांना कळत नाही. राज्याच्या प्रवेशाला राज्याच्या नमुन्यातलं नॉन क्रिमिलेअर लागतं. आणि जात वैधता, ती निराळी, ती जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून. ती आहे ना?

मालवणी_बापूस

वैधता अकरावीतच काढलेली, शाळेने मागे लागून लागून काढून घेतली. तेव्हा शिव्या घातलेल्या, आज नमस्कार करतो.

बांद्याचा_पक्या

माझा प्रश्न कागदाचाच आहे म्हणून इथेच विचारतो. आम्ही बांद्याचे, भावाने बारावी गोव्यात केली, दहावी इथे. त्याला सगळे म्हणतात तू महाराष्ट्राचा नाहीस आता.

खाडीपलीकडे

महाराष्ट्राचाच आहे. दहावी-बारावी दोन्ही इथे असतील तर टाईप ए. त्याचं तसं नाही म्हणून तो बी मध्ये येईल, पण त्यासाठी त्याचं स्वतःचं किंवा आई-वडिलांपैकी कुणाचं तरी डोमिसाईल महाराष्ट्राचं लागेल. नुसतं रेशनकार्ड चालणार नाही. डोमिसाईल काढलंत का?

बांद्याचा_पक्या

बाबांचं आहे. धन्यवाद. घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं वातावरण होतं.

भरतीओहोटी

ह्याच विषयाला धरून, आमच्याकडची बरीच मुलं अकरावी-बारावीला कोल्हापूरला जातात क्लाससाठी. मग त्यांचं होम युनिव्हर्सिटी शिवाजी होतं, मुंबई नाही, कारण बारावी जिथून पास झाली तिथलं धरतात. आमच्या मुलाचं तसंच झालं. घर वेंगुर्ल्याला आणि मुंबईच्या कॉलेजात आम्ही ‘बाहेरचे’. कटऑफ बघताना होम युनिव्हर्सिटीचा रकाना बघून खूश झालो होतो, नंतर कळलं आपला रकाना शेजारचा.

जुना_मास्तर

हे मात्र कुणी सांगत नाही. मलाही माहीत नव्हतं.

निळा_समुद्र

माझ्या मुलीला नीटला कमी मार्क आहेत, फिजिओथेरपीला प्रयत्न करतोय. वरचे तीन, सहा हे सगळं आम्हालाही लागू का? आणि सीट अ‍ॅक्सेप्टन्स फी किती?

खाडीपलीकडे

नाही हो, ते वेगळं. वर लिहिलंय ते इंजिनिअरिंगच्या कॅपचं आहे. नीटवाल्या कोर्सचं माहितीपुस्तक वेगळं, नियम वेगळे. ह्या धाग्यावरून काही ठरवू नका, सीईटी सेलच्या साइटवर तुमच्या कोर्सचं पुस्तक उघडा. मला त्यातलं फारसं येत नाही.

मालवणी_बापूस

मंडळी, 1000 भरले. Not Freeze केलं. त्याआधी स्वतःची पडताळणी म्हणून एक पान आलं, त्यात मार्क, जात, जन्मतारीख सगळं बघून ‘माझी माहिती बरोबर आहे’ असं टिक करायचं होतं. लेकीने न वाचता टिक मारायला घेतलं होतं, मी हात धरला. 😀

आता दुसऱ्या राउंडचा ऑप्शन फॉर्म. इतके पर्याय टाकता येतात म्हटल्यावर मी 40 टाकायच्या विचारात आहे. कोल्हापूरचं मेकॅनिकल, रत्नागिरीचं सिव्हिल असं जवळ पडतं ते पण. जास्त टाकले तर जास्त चान्स ना?

खाडीपलीकडे

थांबा!! कन्फर्म करू नका.

बापूस, आत्ता तुमच्या हातात पनवेलचं आयटी आहे. ते कुणी काढून घेत नाही, फक्त एकाच गोष्टीने जातं, दुसऱ्या राउंडला दुसरं काही मिळालं तर. आणि कॉम्प्युटरला ‘चांगलं’ काय ते कळत नाही. तुम्ही दुसऱ्या फॉर्ममध्ये जे जे लिहाल ते सगळं तो हातातल्यापेक्षा चांगलं समजतो. तुम्ही 25 नंबरवर कोल्हापूरचं मेकॅनिकल लिहिलं आणि वरचे 24 नाही मिळाले, तर तो मेकॅनिकल देईल आणि आयटी त्याच क्षणी सुटेल. तुम्ही म्हणाल अहो पण मला आयटी हवं होतं. कोण ऐकणार?

म्हणजे दुसऱ्या राउंडच्या फॉर्मला एकच चाळणी लावा. प्रत्येक ओळीवर विचारा, हे मिळालं तर पनवेलचं आयटी सोडून आनंदाने जाऊ का? हो असेल तर ठेवा, थोडीही कुरबुर असेल तर काढा. पाच उरले तर पाच, दोन उरले तर दोन. लांबलचक यादी ज्याच्या हातात काहीच नाही त्याने करायची.

आणि त्यात पहिले तीन आणखी नीट बघा, कारण दुसऱ्या राउंडला त्या तिघांतलं मिळालं की ऑटो फ्रीज, मग तिसऱ्या राउंडची वाट बघता येणार नाही. तिसऱ्या जागी भरतीला म्हणून काही टाकू नका.

चाकरमानी_ठाणेकर

हे अगदी असंच माझ्या भाच्याचं झालं मागच्या वर्षी. तेव्हा ऑटो फ्रीजचा नियम जुना होता पण ही गोष्ट तीच. हातात आयटी होतं. मामाने, म्हणजे मीच, सल्ला दिला की भर रे सगळं, काय पैसे पडतात का. नावाजलेल्या कॉलेजचं सिव्हिल मिळालं, आयटी गेलं. बहीण अजून मला चहा देताना कप जरा जोरात ठेवते. पोरगा मात्र सिव्हिलमध्ये रमलाय, म्हणतो पूल बांधणार. पण ते नशीब, नियोजन नव्हे.

रातांबा

कोकणात पूल बांधायला लोक हवेतच, पाठवा इकडे.

जुना_मास्तर

एक शंका. पनवेलचं आयटी दुसऱ्या फॉर्मला शेवटी परत लिहायचं की नाही? आमच्या वेळी लिहायचो, राखीव म्हणून.

खाडीपलीकडे

गरज नाही मास्तर. वरचं काही मिळालं नाही तर ती सीट आपोआप राहतेच. ज्यांनी पहिल्या राउंडला 1000 भरलेच नाहीत त्यांना मात्र सगळं परत लिहावं लागणार.

भरतीओहोटी

मला एक पटत नाही. ही चार राउंडची पद्धत म्हणजे गावाकडच्यांना त्रासच. आधी तात्पुरती मेरिट लिस्ट, मग तक्रारी, मग अंतिम, मग चार राउंड, प्रत्येकाला दोन-तीन दिवसांची मुदत. शहरात मोबाईलवर होतं, आमच्याकडे दोन दिवस टॉवर बंद असतो.

खाडीपलीकडे

मुदतीबद्दल तुमचं खरं आहे, टेबलाच्या ह्या बाजूने मीही रोज बघतो. पण राउंड वाढले ते वाईटच असं नाही वाटत. वरची मुलं दुसरीकडे निघून जातात तेव्हा रिकाम्या सीट खालच्यांना मिळायला राउंडच लागतो, नाहीतर त्या इन्स्टिट्यूट लेव्हलला जातात, आणि तिथे दारोदार फिरणं आलं. बापूसच्या मुलीलाच दुसऱ्या राउंडचा फायदा झाला तर बघा.

भरतीओहोटी

बघू.

सेतूवाला_दादा

ज्यांच्याकडे रेंज नाही त्यांनी निकालाच्या दिवशी जवळच्या केंद्रावर लॉगिन आयडी, पासवर्ड आणि ओटीपीचा तो मोबाईल घेऊन यावं. ओटीपीचा मोबाईल मुंबईच्या काकांकडे आणि मुलगा इथे, असं दर वर्षी होतं.

लाल_माती

काका झोपलेले असतात.

सेतूवाला_दादा

काका नेहमीच झोपलेले असतात.

मालवणी_बापूस

उशीर झाला लिहायला, क्षमा असावी. पाच पर्याय ठेवले शेवटी. एक पुण्याचं कॉम्प्युटर, दोन मुंबईचं कॉम्प्युटर, तीन मुंबईचंच दुसऱ्या कॉलेजातलं कॉम्प्युटर, चार मुंबईचं आयटी, पाच नवी मुंबईतलं कॉम्प्युटर. मेकॅनिकल, सिव्हिल सगळं काढलं. तीन नंबरवर बायकोने तिच्या माहेरच्या गावाजवळचं कॉलेज घालायला सांगितलेलं, मी हा धागाच वाचायला दिला.

निकाल आज लागला. तीन नंबर मिळालाय!

ऑटो फ्रीज दाखवतंय. परत 1000 मागितले नाहीत. आता पनवेलवाली सीट मी जाऊन रद्द करायची का?

खाडीपलीकडे

अभिनंदन! नाही, पनवेल आपोआप सुटलं, तुम्ही काही करायचं नाही. मुलीने लॉगिनमध्ये आत्ता मिळालेली सीट स्वीकारायची आणि ह्या वेळी मात्र कॉलेजात जायचंच, मुदतीच्या आत. ऑटो फ्रीज होऊन रिपोर्ट केलं नाही तर हीसुद्धा गेली आणि पुढचे कॅप राउंडही गेले. मूळ कागद न्या, दहावी-बारावी, दाखला, जात, वैधता, नॉन क्रिमिलेअर, डोमिसाईल, अलॉटमेंट लेटर, 1000 ची पावती. मूळ दाखला देण्याआधी चार झेरॉक्स काढा, पुढे दहा ठिकाणी लागतो. फी किती भरायची आणि ओबीसी मुलींना किती सवलत ते कॉलेजला आजच फोन करून विचारा, तिथे जाऊन कळण्यापेक्षा.

कुडाळची_माई

मुंबय म्हणजे होस्टेल बघूक होया. चेडवाक एकटा सोडू नको हां पयले चार दिवस. माजी भाची पण Not Freeze करून बसली हा, तिसऱ्या राउंडाची वाट बघता. तिच्या फॉर्माक पयले सहा कायते नीट बघूक सांगतंय.

लाल_माती

बापूस, ते जुनं पनवेलचं तिकीट रद्द केलेलं का?

मालवणी_बापूस

नाही केलं, विसरलो. गेले पैसे. आता परवाचं मिळत नाहीये, गणपतीच्या आधीची गर्दी. कुणाच्या ओळखीत लाल परीचं बुकिंग आहे का मालवण-मुंबई, दोन जणांचं?

चाकरमानी_ठाणेकर

मी शनिवारी गाडी घेऊन गावात येतोय, रविवारी रात्री परत निघणार. मुदत सोमवार संध्याकाळपर्यंत असेल तर दोघं चला माझ्याबरोबर. व्यनि करतो. भाच्याचं पाप थोडं तरी फिटेल.